भावाभावांच्या ग्रुपची किंमत धंद्यागणिक कशी काढायची, आणि होल्डिंग डिस्काउंट नेमका किती

कोकणात एका घरात चारपाच धंदे असणं काही नवीन नाही, बंदरावर बर्फाचा कारखाना, वर कुठे काजूची फॅक्टरी, गणपतीपुळ्याला रिसॉर्ट, हायवेला पंप, आणि बापजाद्यांची हापूसची कलमं. सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर कोणी किंमत काढत नाही. एका भावाला बाहेर पडायचं असलं, किंवा मुंबईतल्या पुतण्याने वाटा मागितला, की मग सीए बसतो, सगळ्या धंद्यांचा नफा एकत्र करतो, त्याला एकच मल्टिपल लावतो, म्हणजे नफ्याच्या किती पट किंमत धरायची तो एकच आकडा, आणि शेवटी 'होल्डिंग आहे म्हणून ३० टक्के कमी' असं म्हणून आकडा देतो. तो ३० टक्के कुठून आला हे विचारलं की उत्तर मिळतं, मार्केटमध्ये असाच धरतात.

माझं म्हणणं एवढंच की डिस्काउंट हा वरून टाकायचा आकडा नाही, तो खालून बांधत आणायचा असतो, एकेक कारण घेऊन. ते कसं ते एका उदाहरणावर दाखवतो. उदाहरण बनवलेलं आहे, आकडे गोल केलेत, पण यातली प्रत्येक अडचण अशा घरांमध्ये हमखास येते.

रत्नागिरीतले तीन भाऊ धरा, तिघांचा सारखा वाटा. वर एक प्रायव्हेट लिमिटेड होल्डिंग कंपनी आहे, म्हणजे खालच्या कंपन्यांचे शेअर्स जिच्या नावावर आहेत ती. तिच्याखाली मिरकरवाडा बंदराजवळची बर्फ आणि कोल्ड स्टोरेजची कंपनी (पूर्ण मालकी), आंबा पल्प आणि काजूची फॅक्टरी (७५ टक्के, बाकी २५ टक्के वडिलांच्या जुन्या पार्टनरच्या घरात), गणपतीपुळ्याचं २४ खोल्यांचं रिसॉर्ट (पूर्ण मालकी), आणि होल्डिंगच्याच नावावर थोडे लिस्टेड शेअर्स. धाकट्याला बाहेर पडायचंय, बाकी दोघे त्याचे शेअर्स घेणार.

आधी कागद, मग कॅल्क्युलेटर

पहिलं काम म्हणजे कुठली गोष्ट खरंच कंपनीची आहे ते बघणं. घरात सगळे 'आपलं' म्हणतात पण सातबारा वेगळंच सांगतो. आमच्याकडे कलमांच्या बागा जवळपास नेहमीच व्यक्तींच्या नावावर असतात, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं आणि साध्या कंपनीला ती सहजासहजी घेता येत नाही. आणि त्या सातबाऱ्यावर बऱ्याचदा आत्यांचीही नावं असतात, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे बाग ग्रुपच्या किमतीत धरली तर आत्याचा हिस्सा परस्पर तीन भावांत वाटल्यासारखं होतं. बाग बाहेर ठेवा, तिची वाटणी वेगळी करा.

पंपाचं पण तसंच. डीलरशिप मधल्या भावाच्या नावावर आहे, ती तेल कंपनीच्या परवानगीशिवाय कोणाला देता येत नाही, होल्डिंगच्या बॅलन्सशीटमध्ये ती कुठेच नाही. मग तिची किंमत या बेरजेत येत नाही. पंपाखालची जमीन कंपनीची असती आणि भाडं येत असतं तर त्या भाड्याची किंमत धरली असती, इथे तसं नाहीये.

म्हणून सुरुवातीला एक कागद घ्या, डावीकडे मालमत्ता, मधे कोणाच्या नावावर, उजवीकडे पुरावा काय, म्हणजे सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, लीज डीड, शेअर सर्टिफिकेट. आणि कंपनी रजिस्ट्रारच्या साइटवर प्रत्येक कंपनीवर बँकेचा चार्ज किती आहे तेही बघा, कारण एका धंद्याचं कर्ज दुसऱ्या धंद्याच्या जमिनीवर घेतलेलं असणं हे अगदी रोजचं आहे. हा कागद झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, अर्धी भांडणं इथेच मिटतात नाहीतर इथेच सुरू होतात, आणि सुरू व्हायचीच असतील तर आकडा काढायच्या आधी झालेली बरी.

बर्फाचा कारखाना

आता एकेक धंदा. प्रत्येकासाठी आपण एबिटडा काढणार, म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसारा वजा करायच्या आधीचा नफा, तो साफ करणार, मग त्या धंद्याला शोभेल असं मल्टिपल लावणार, आणि त्यातून त्याच धंद्याचं कर्ज वजा करणार.

बर्फाचा नफा मासळीवर चालतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वर्ष दहा महिन्यांचं, आणि एखाद्या वर्षी बांगडा चांगला लागला तर लाद्या पुरत नाहीत, दुसऱ्या वर्षी बोटी धक्क्यालाच उभ्या. म्हणून एका वर्षाचा नफा कधीच धरायचा नाही, निदान तीन वर्षं. इथे वहीत १.१० कोटी, १.८० कोटी आणि १.१५ कोटी दिसतात. मधलं वर्ष एवढं छान का, ते बघायला विक्रीच्या रजिस्टरमध्ये जावं लागतं. बर्फ बोटींना उधारीवर जातो, हिशोब सीझनच्या शेवटी. त्या वर्षी दोन बोटमालकांना दिलेल्या लाद्यांचे १५ लाख पुढच्या दोन सीझनमध्येही आले नाहीत, पण विक्री म्हणून धरलेत आणि बुडीत म्हणून कोणी लिहिले नाहीत. ते काढले की १.६५ कोटी. तीन वर्षांची सरासरी १.३० कोटी.

अजून एक वजाबाकी राहिली. थोरला भाऊ पहाटे चारला धक्क्यावर जातो, सगळं तोच बघतो, आणि पगार घेत नाही. उद्या तो नसेल तर त्या कामाला माणूस ठेवावा लागेल, वर्षाला १५ लाख धरा. 'मी कधी पगार घेतला?' असं दादा म्हणेल, आणि त्याचं खरंच आहे, पण न घेतलेला पगार हा धंद्याचा नफा नसतो, ती दादाची मेहनत असते, आणि ती नफ्यात धरून मल्टिपल लावलं की त्याच्या मेहनतीची किंमत तो स्वतःच धाकट्याला देतो. राहिले १.१५ कोटी.

मल्टिपल किती? शेअर बाजारातल्या मोठ्या कोल्ड चेन कंपनीचं मल्टिपल इथे आणू नका, त्यांच्याकडे बाजारात कधीही विकता येणारे शेअर्स आहेत आणि एका बंदरावर पोट नाहीये. मी ५ धरतो, आणि लगेच उलट तपासतो. १.१५ कोटीतून अमोनिया कॉम्प्रेसर, कंडेन्सर, साचे यांच्या दुरुस्ती आणि बदलीसाठी वर्षाला सरासरी २० लाख जातात, उरलेल्या ९५ लाखांवर अंदाजे २४ लाख टॅक्स, हातात ७१ लाख. ५.७५ कोटी किमतीवर ७१ लाख म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास. मेहनतीचा पगार वेगळा दिल्यावर, मासळीची जोखीम घेऊन, बारा टक्के मिळत असतील तर किंमत वाजवी आहे. हेच उत्तर सात टक्के आलं असतं तर कोणी शहाणा माणूस एफडी सोडून बर्फात का पडेल, म्हणजे मल्टिपल जास्त. वीसबावीस टक्के आलं असतं तर कमी.

आणि लीज बघा. बंदराजवळची जागा बहुतेक वेळा सरकारी लीजवर असते. वरच्या हिशोबाने पैसे वसूल व्हायला आठ वर्षं लागतात. लीजची १७ वर्षं बाकी असतील तर ५ चालेल, सहाच बाकी असतील आणि नूतनीकरणाचा भरवसा नसेल तर मल्टिपल सोडून द्या आणि सहा वर्षांचे पैसे एकेक करून मांडा.

किंमत ५.७५ कोटी, कर्ज ७५ लाख, राहिले ५.०० कोटी. इथे थोडं थांबा, या कंपनीकडून फॅक्टरीला ६० लाख दिलेत, बिनव्याजी. त्यावर पुढे येतो.

पल्प आणि काजूची फॅक्टरी, इथे सगळ्यात जास्त चुका होतात

फॅक्टरीचा नफा ५५ लाख, ६२ लाख आणि यंदा एक कोटी. धाकटा म्हणणार यंदाचा धरा. पण यंदाचे ३५ लाख हे मे महिन्यात स्वस्त घेतलेली काजू बी पुढे भाव चढल्यावर विकून आलेत, फोडून, भाजून, सोलून आलेले नाहीत. भाव पडतो त्या वर्षी हेच ३५ लाख उलट्या बाजूने जातात. स्टॉकवरची कमाई बाजूला काढली की यंदाचे ६५ लाख, सरासरी जवळपास ६० लाख. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे किलोमागचं प्रोसेसिंग मार्जिन काढायचं, ते दर वर्षी साधारण तेवढंच असतं आणि एखाद्या वर्षी अचानक दुप्पट झालं की समजा ते जास्तीचे पैसे बाजारभावाने दिलेत.

दुसरं, कॅनिंगचा आंबा घरच्या बागेतून येतो, बाजारापेक्षा किलोला पाच रुपये कमी भावाने, २०० टन, म्हणजे १० लाख. बाग आपण वेगळी काढली ना, मग हे १० लाख बागेचे आहेत, फॅक्टरीचे नाहीत. उद्या बागेची वाटणी झाल्यावर आत्या काय कमी भावात आंबा देत बसणार नाही. राहिले ५० लाख. मल्टिपल ६, कारण परदेशी ऑर्डर आहेत, परवाने पक्के आहेत आणि मालकाशिवाय चालते. किंमत ३ कोटी.

आता कर्ज, आणि हे नीट बघा. सगळे बॅलन्सशीट ३१ मार्चचं उघडतात. ३१ मार्चला फॅक्टरीचं कॅश क्रेडिट फक्त ४० लाख दिसतं, कारण गेल्या वर्षीचा माल बहुतेक विकला गेलाय आणि या वर्षीची खरेदी नुकतीच सुरू होतेय. एप्रिल मेमध्ये आंबा आणि काजू बी रोखीने घ्यावी लागते आणि जूनच्या शेवटी तेच खातं ३.२० कोटीवर जातं. मग खरं कर्ज किती? धंदा वर्षभर चालवायला जेवढा पैसा सरासरी अडकतो तेवढं. बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या, प्रत्येक महिनाअखेरीची बाकी काढा आणि सरासरी करा, इथे ती १.८० कोटी येते. ४० लाख धरले असते तर फॅक्टरी १.४० कोटीने फुगली असती. आणि जूनचे ३.२० कोटी धरले असते तर तेही चूक, कारण तेव्हा गोडाऊनही तेवढंच भरलेलं असतं आणि तो माल आपण वेगळा धरलेला नाही. काही लोक कर्ज मार्चचं घेतात आणि स्टॉक जूनचा वरून मिळवतात, मी असं करून दिलेले रिपोर्ट पाहिलेत, त्यात दोन्हीकडून फायदा घेतला जातो.

आता ते ६० लाख. बऱ्याच हिशोबांत 'घरातलंच आहे, इकडून तिकडे' म्हणून हे सोडून देतात. दोन्ही कंपन्या पूर्ण मालकीच्या असत्या तर खरंच फरक पडला नसता. पण फॅक्टरीत २५ टक्के दुसऱ्या घराचे आहेत. फॅक्टरीची किंमत ३ कोटी, वजा कॅश क्रेडिट १.८० कोटी, वजा बर्फवाल्या कंपनीचे ६० लाख, राहिले ६० लाख, त्याचे ७५ टक्के म्हणजे ४५ लाख. आणि बर्फाच्या कंपनीत ते येणे म्हणून ६० लाख मिळवा, तिची किंमत ५.६० कोटी. न धरता केलं असतं तर बर्फ ५.०० आणि फॅक्टरी ९० लाख, एकूण ५.९० कोटी, आणि धरून ६.०५ कोटी. १५ लाखांचा फरक, तो पार्टनरने उचलायचा वाटा आहे. क्रम महत्त्वाचा, आधी त्या कंपनीचं कर्ज पूर्ण वजा करायचं आणि मग ७५ टक्के काढायचे, आधी ७५ टक्के काढून मग पूर्ण कर्ज वजा केलं की पार्टनरचं कर्जही भावांच्या माथी बसतं.

आणि येणे धरताना फॅक्टरी ते परत देऊ शकते का हेही बघायचं. बँक फेडल्यावर १.२० कोटी उरतात, ६० लाख सुटतात, म्हणून पूर्ण धरले. उरले ३० लाखच असते तर येणेही ३० लाखच.

रिसॉर्ट, आणि जमीन दोनदा न मोजणं

रिसॉर्टचा नफा ७८ लाख दिसतो, पण स्वयंपाकघर मधल्या वहिनी सांभाळतात, बिनपगारी. ८ लाख वजा, राहिले ७० लाख. मल्टिपल ८, कारण इमारत आणि जमीन स्वतःची आहे. ५.६० कोटी.

आता कोणीतरी म्हणणार, आणि जमीन? समुद्राजवळची ८० गुंठे जमीन आहे, तिचे वेगळे धरा की! इथे नीट समजून घ्या, रिसॉर्ट ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन नफ्यातच आहे, खोल्या हवेत भाड्याने जात नाहीत. ज्या जमिनीशिवाय धंदा चालतो तेवढीच वेगळी मोजायची. इमारत, पार्किंग, बाग, सांडपाण्याची सोय मिळून ३० गुंठे, उरले ५० गुंठे. त्यातही २० गुंठे समुद्राकडच्या बाजूला, ना-विकास क्षेत्रात. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमात ग्रामीण किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा असा असतो, तिथे मोठं बांधकाम होत नाही, मग समुद्र कितीही छान दिसू दे. गावचा किनारा व्यवस्थापनाचा मंजूर नकाशा बघा, दलालाचा शब्द नको. ३० गुंठे गुंठ्याला ५ लाखाने १.५० कोटी, २० गुंठे एक लाखाने २० लाख, मिळून १.७० कोटी. हा दर आजूबाजूच्या रजिस्टर झालेल्या खरेदीखतांवरून घ्या, रेडी रेकनर फक्त तळाची खूण म्हणून.

एक तपासणी जरूर करा. रिसॉर्टखालच्या ३० गुंठ्यांची नुसती जमिनीची किंमत १.५० कोटी आहे, धंद्याची ५.६० कोटी. उलटं असतं, म्हणजे जमीनच धंद्यापेक्षा महाग असती, तर धंद्याची किंमत सोडून जमिनीची धरली असती. दोन्हींची बेरीज मात्र कधीच नाही.

५.६० अधिक १.७०, वजा टर्म लोन १.८० कोटी, राहिले ५.५० कोटी.

शेअर्सचं सोपं, गेल्या काही महिन्यांची सरासरी बाजारभावाने २.०० कोटी.

एकूण बेरीज: बर्फ ५.६०, फॅक्टरी ०.४५, रिसॉर्ट ५.५०, शेअर्स २.००, म्हणजे १३.५५ कोटी.

आता डिस्काउंट, आणि तो खालून

बाजारात होल्डिंग कंपन्या त्यांच्याकडच्या शेअर्सच्या किमतीपेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात, कधी निम्म्याहून कमी. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं उदाहरण सगळ्यांना माहितेय, तिच्याकडे एशियन पेंट्सचे शेअर्स आहेत, आणि तिचा स्वतःचा शेअर साडेतीन रुपयांच्या आसपास पडून होता. सेबीने २०२४ मध्ये अशा कंपन्यांसाठी खास लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला भाव थेट २,३६,२५० रुपये लागला. पण त्या दिवशीही तो पुस्तकी किमतीच्या निम्म्याखालीच होता. लोक हे दाखवून म्हणतात, बघा, ५० टक्के डिस्काउंट नॉर्मल आहे. मला हे पटत नाही. तिथे डिस्काउंट मागणारा माणूस म्हणजे बाहेरचा छोटा शेअरहोल्डर, त्याला ते पैसे कधी मिळतील हे प्रमोटर ठरवतात आणि तो काहीच करू शकत नाही. इथे घेणारे दोघे भाऊ ते स्वतःच ठरवणारे आहेत, शेअर्स घेतल्यावर सगळा ग्रुप त्यांच्या हातात. त्यांना बाहेरच्या छोट्या माणसाचा डिस्काउंट लावायचा म्हणजे धाकट्याचे पैसे उचलून दोघांना देणं.

मग कशाचा डिस्काउंट धरायचा? तीन गोष्टींचा, एकेक करून.

पहिली, होल्डिंग चालवायचा खर्च. वहीत वर्षाला २७ लाख आहे. त्यातले १२ लाख मुंबईची गाडी, घरचं वीजबिल आणि असलंच, ते धंद्याचे नाहीत, काढून टाका. खरे १५ लाख, ऑफिस, ऑडिट, वकील, एक अकाउंटंट. दादाचा पगार यात परत येऊ देऊ नका, तो आपण बर्फात आधीच धरलाय. हे १५ लाख कुठल्याच धंद्याच्या नफ्यातून वजा केलेले नाहीत आणि दर वर्षी जाणार आहेत. म्हणून त्यांनाही मल्टिपल लावायचं, तिन्ही धंद्यांचं मिळून सरासरी मल्टिपल साधारण ६ येतं. १५ गुणिले ६, ९० लाख.

दुसरी, आत दडलेला टॅक्स. शेअर्स ६० लाखांना घेतले होते, आज २ कोटी, नफा १.४० कोटी. कंपनीला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के, सरचार्ज आणि सेस धरून १४.३ टक्के, म्हणजे २० लाख. हे पूर्ण धरायचे कारण धाकट्याला पैसे द्यायला हेच शेअर्स आधी विकावे लागणार. मोकळ्या जमिनीत १.६० कोटींचा नफा आहे, टॅक्स २३ लाख, पण ती विकायची कोणाचीच घाई नाही, आठदहा वर्षांनी विकली तर आजच्या हिशोबात अर्धा, १२ लाख. बर्फ, फॅक्टरी आणि रिसॉर्ट विकायचेच नाहीत, तिथे टॅक्स धरायचा नाही. काही सल्लागार सगळ्याच मालमत्तांवर पूर्ण टॅक्स वजा करतात, जसं काही उद्या सकाळी सगळं विकणार आहेत. घेणाऱ्याच्या बाजूने बसलेला सल्लागार हे हमखास करतो.

दोन्ही मिळून १.२२ कोटी, १३.५५ चे ९ टक्के. राहिले १२.३३ कोटी.

तिसरी गोष्ट मोजता येत नाही, ठरवावी लागते. अनलिस्टेड शेअर्स आहेत, पटकन विकत नाहीत, फॅक्टरीतल्या पार्टनरची संमती लागते, धंदे एकमेकांच्या कर्जाला जामीन आहेत त्यामुळे एक बुडाला तर दुसऱ्याला ओढतो. याला मी १० टक्के धरतो. का दहा, आणि वीस का नाही? कारण मोजता येण्यासारखं सगळं आपण आधीच मोजून वजा केलंय, फक्त उरलेल्या अनिश्चिततेसाठी हे आहे. भावांमध्ये घासाघीस करायचीच असेल तर ती फक्त या एका आकड्यावर करा, शून्य ते पंधराच्या मध्ये कुठेतरी, बाकीचे आकडे कागदावरून येतात.

१२.३३ चे ९० टक्के, ११.१० कोटी. एकूण डिस्काउंट १८ टक्के. धाकट्याचा तिसरा हिस्सा ३.७० कोटी.

आता चुकीचे दोन रस्ते बघा. सरळ ३० टक्के लावले असते तर ९.४९ कोटी, हिस्सा ३.१६ कोटी. आणि सगळ्यात वाईट, जे मी सगळ्यात जास्त बघतो, ऑफिस खर्च आणि टॅक्स आधी वजा करून वर परत ३० टक्के लावणे, म्हणजे ८.६३ कोटी आणि हिस्सा २.८८ कोटी. एकच कारण दोनदा वजा झालं आणि ८२ लाख गेले. समोर रिपोर्ट आला की एवढंच विचारा, हा होल्डिंग डिस्काउंट कशाकशासाठी आहे, आणि त्यातलं काय आधीच वजा केलंय? उत्तर लेखी घ्या.

कुठला आकडा हलला तर काय होतं

शेवटचा आकडा एकटा लिहू नका. बर्फाचं मल्टिपल ५ ऐवजी ४ केलं तर १.१५ कोटी जातात, रिसॉर्टचं ८ ऐवजी ७ केलं तर ७० लाख. मोकळ्या जमिनीचा दर पाच ऐवजी चार लाख केला तर तीसच लाख जातात. आणि भावांची भांडणं बहुतेक वेळा जमिनीच्या दरावर होतात, बर्फाच्या मल्टिपलवर कोणी तोंड उघडत नाही. म्हणून बर्फाच्या तीन वर्षांच्या वह्या आणि लीज डीड यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सही करायच्या आधी दोन गोष्टी. अनलिस्टेड शेअर्सची एक किमान किंमत आयकराच्या नियमानेही काढावी लागते, त्यात जमीन स्टॅम्प ड्यूटीच्या दराने आणि लिस्टेड शेअर्स बाजारभावाने धरतात, बाकी बहुतेक पुस्तकी किमतीने, आणि होल्डिंग डिस्काउंट वगैरे तिथे चालत नाही. तुमचा ठरलेला भाव त्यापेक्षा कमी आला तर विकणाऱ्याला त्या जास्त किमतीवर टॅक्स बसू शकतो, भावाला विकले तरी. म्हणून ३.७० कोटी ठरवायच्या आधी तो आकडा सीएकडून काढून घ्या.

दुसरं, पैसे कसे मिळणार. दोघे म्हणतील एकदम नाही जमणार, तीन वर्षांत तीन सारखे हप्ते देतो. घरातलंच आहे, व्याज कशाला. पण पहिला हप्ता वर्षाने, दुसरा दोन वर्षांनी, तिसरा तीन वर्षांनी, असे बिनव्याजी ३.७० कोटी म्हणजे १० टक्के दराने आजचे ३.०७ कोटीच होतात. डिस्काउंटवर एवढी घासाघीस करून वर गुपचूप आणखी सतरा टक्के गेले. एकतर बाकी रकमेवर बँकेच्या दराने व्याज लिहून घ्या, नाहीतर जेवढे पैसे मिळाले तेवढेच शेअर्स ट्रान्सफर करा आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत बाकीचे स्वतःच्या नावावर ठेवा. आणि बँकेला दिलेल्या धाकट्याच्या पर्सनल गॅरंट्या, कॅश क्रेडिटवरच्या पण आणि रिसॉर्टच्या टर्म लोनवरच्या पण, पहिल्या हप्त्याच्या दिवशीच सोडवून घ्यायच्या, बँकेच्या लेटरहेडवर.